पायलटचा हात आणि विमानाची शेपटी: मधला दोर गेला, संगणक आला

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी एअरबसने जगभरच्या विमान कंपन्यांना एक तातडीची सूचना पाठवली. ए३२० कुटुंबातल्या सुमारे सहा हजार विमानांत, पुढच्या उड्डाणाआधी एका संगणकाचं सॉफ्टवेअर बदला, असं तिच्यात म्हटलं होतं. भारतातली तीनशेहून जास्त विमानं त्या यादीत होती. मुंबई-पुण्याहून त्या शनिवार-रविवारी निघालेल्या अनेकांनी विमानतळावरच ही बातमी वाचली असेल.

कारण घडलं होतं महिनाभर आधी. ३० ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या कानकूनहून अमेरिकेतल्या न्यूअर्ककडे चाललेल्या जेटब्लूच्या ए३२० विमानाने, पायलटने काहीही केलेलं नसताना, अचानक नाक खाली घातलं. काही प्रवासी जखमी झाले आणि विमान टॅम्पाला उतरवावं लागलं. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गामुळे या संगणकातली माहिती बिघडू शकते, असं एअरबसने नंतर सांगितलं.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी ही बातमी टाकली आणि खाली एकच ओळ लिहिली: "म्हणजे विमान पायलट चालवतो की कॉम्प्युटर?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही. म्हणून हा लेख.

## मुळात हलवायचं काय असतं?

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा नसतो, पण लहानपणी सगळ्यांनीच काढलेला असतो. तळवा वाऱ्याला समांतर धरला तर हात शांत राहतो. पुढची कड थोडी वर केली की हात वर उचलला जातो, खाली केली की दाबला जातो. विमान वळतं आणि चढतं ते याच तत्त्वावर.

पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या असतात. शेपटीवरच्या आडव्या फळीला एलेव्हेटर म्हणतात. ती वर उचलली की शेपटी खाली दाबली जाते आणि नाक वर येतं. पंखांच्या टोकांजवळच्या फळ्या म्हणजे एलेरॉन. एका बाजूची वर, दुसऱ्या बाजूची खाली, असं झालं की विमान एका कुशीवर कलतं. शेपटीवरची उभी फळी म्हणजे रडर. ती नाक डावीकडे-उजवीकडे वळवते. पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर स्पॉइलर नावाच्या पट्ट्याही असतात. त्या उचलल्या की त्या पंखाची उचल कमी होते.

पायलट पुढे बसतो आणि एलेव्हेटर त्याच्यापासून तीसेक मीटर मागे असतो. या लेखातला सगळा फरक या तीस मीटरमध्ये काय आहे, याचा आहे.

## दोर आणि कप्प्या

जुनं उत्तर सोपं होतं: पोलादी दोर. स्कूटरच्या ब्रेकची केबल आठवा, किंवा विहिरीवरचा रहाट. पायलटने दांडा ओढला की दोर ओढला जातो. तो कप्प्यांवरून वळणं घेत विमानाच्या फरशीखालून मागे जातो आणि शेपटीतली फळी हलवतो. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक हालचालीसाठी दोन दोर लागतात, एक इकडे ओढणारा आणि एक तिकडे.

या पद्धतीत एक फार मोठा गुण आहे. वारा फळीला जेवढा ढकलतो, तेवढं ओझं दोरावाटे पायलटच्या हाताला जाणवतं. वेग वाढला की दांडा जड होतो, वेग फार कमी झाला की तो ढिला पडतो. बैलगाडीवाल्याला हातातल्या कासऱ्यावरून बैलाचा रोख कळावा, तसं. छोट्या सेसना विमानावर शिकणाऱ्याला शिक्षक पहिल्या दिवसांत हेच शिकवतात, की डोळे बाहेर ठेव आणि हाताला काय कळतंय ते बघ.

विमानं मोठी झाल्यावर माणसाच्या हाताचं बळ पुरेना. मग मध्ये हायड्रॉलिक आलं. आजही बोइंग ७३७ मध्ये कॉकपिटमधून शेपटीपर्यंत पोलादी केबल जाते, पण तिथे ती फळी थेट ओढत नाही. ती तेलाच्या दाबाचा झडप उघडते आणि फळी तो दाब हलवतो, मोटारीतल्या पॉवर स्टीअरिंगसारखं. हाताला भार जाणवावा म्हणून एक कृत्रिम यंत्रणा मुद्दाम जोडावी लागते. पण पायलटने दांडा इतका हलवला म्हणून फळी इतकी हलली, हे नातं तसंच राहतं.

केबलची देखभाल हे मात्र चिकाटीचं काम आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियम सारखे प्रसरण पावत नाहीत. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. तीस मीटर लांबीत तापमान सत्तर अंशांनी बदललं तर दोघांच्या लांबीत दोन सेंटिमीटरहून जास्त तफावत येते. उंचावरच्या थंडीत विमानाचं अंग दोरापेक्षा जास्त आखडतं आणि दोर सैल पडू पाहतो. म्हणून मोठ्या विमानांत ताण आपोआप जुळवणारी साधनं बसवलेली असतात. शिवाय हँगरमध्ये टेन्शन मीटर लावून प्रत्येक दोराचा ताण मोजतात आणि टर्नबकलचे आटे फिरवून तो जुळवतात. दोराचा एखादा तंतू तुटलाय का हे बघायची रीत तर फारच साधी आहे. सुती फडकं दोरावर गुंडाळून सावकाश पुढे सरकवायचं. फडक्याचा धागा जिथे अडकला, तिथे तंतू तुटलेला. मग कप्पीवरून दोर वाकवून ती जागा नीट पाहायची. हात फिरवायचा नाही, तुटका तंतू सुईसारखा आत जातो.

## दोर काढून वायर टाकली, एवढंच?

'फ्लाय-बाय-वायर' या नावातली वायर म्हणजे विजेची तार. पायलटच्या हातातल्या दांड्याखाली सेन्सर असतात. दांडा किती झुकला ते सेन्सर मोजतात, तो आकडा तारेतून संगणकाकडे जातो, संगणक हिशेब करून फळीजवळच्या हायड्रॉलिक यंत्राला विजेचा हुकूम देतो आणि फळी हलते. प्रवासी विमानांत ही डिजिटल पद्धत पूर्णपणे आणणारं पहिलं विमान म्हणजे एअरबस ए३२०. त्याचं पहिलं उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ ला झालं आणि पुढच्या वर्षी ते प्रवाशांना घेऊन उडू लागलं. आज आपल्याकडच्या देशांतर्गत प्रवासात बहुतेकांनी या कुटुंबातल्या विमानात बसून पाहिलंय.

दोर गेल्याने वजन वाचलं, कप्प्या आणि ताण मोजणं गेलं. पण खरा बदल हा नव्हेच. नुसती दोराच्या जागी तार आली असती, तर स्कूटरची केबल काढून बटण बसवल्यासारखं झालं असतं. फरक पडतो तो मध्ये बसलेल्या संगणकामुळे, आणि तो कुठे पडतो हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

केबलच्या विमानात पायलटचा हात फळीला सांगतो की पाच अंश वर जा. विमान त्यावर काय करेल ते वेग, वजन आणि वारा यांवर अवलंबून असतं. उरलेली दुरुस्ती पायलटने हाताने करायची. ए३२० मध्ये पायलटचा हात विमानाला सांगतो की इतक्या वेगाने डावीकडे कल, किंवा इतक्या जोराने वर वळ. त्यासाठी कोणती फळी किती हलवायची, ते संगणक ठरवतो. सेन्सर सतत सांगत असतात की विमानाने प्रत्यक्षात काय केलं, आणि कमी-जास्त पडलं तर संगणक लगेच भर घालतो.

एक उदाहरण घ्या. ए३२० चा पायलट समोर मोठा दांडा धरत नाही. त्याच्या बाजूला व्हिडिओ गेमसारखी छोटी साइडस्टिक असते. ती डावीकडे झुकवली की विमान कलायला लागतं. वीस अंश कलल्यावर पायलटने हात सोडला की स्टिक स्प्रिंगने मध्यावर येते, आणि विमान वीस अंशांवरच राहतं. वाऱ्याच्या धक्क्याने ते हलू लागलं तर संगणक एलेरॉन थोडा इकडे, स्पॉइलर थोडा तिकडे करून त्याला सावरतो. पंखाजवळच्या खिडकीत बसलात तर हवा खराब असताना या फळ्या अखंड थरथरताना दिसतील. ती थरथर पायलटच्या हाताची नसते.

## कुंपण

संगणक मध्ये बसला की आणखी एक गोष्ट शक्य होते. विमानाचा वेग, कल, नाकाचा कोन हे सगळं त्याला माहीत असतं. मग पायलटची मागणी विमानाला धोक्यात नेणारी असेल तर ती कुठवर मानायची, हेही त्याला शिकवता येतं. वैमानिकी भाषेत याला एन्व्हलप प्रोटेक्शन म्हणतात. आपण कुंपण म्हणू.

सर्वांत महत्त्वाचं कुंपण स्टॉलचं. खिडकीबाहेरचा तो हात परत आठवा. तळव्याची पुढची कड वर करत गेलात की हात आणखी वर उचलला जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर वारा तळव्याच्या पाठीला चिकटून वाहायचं सोडतो, भोवरे होतात आणि उचल कोसळते. पंखाचंही तसंच. वाऱ्याशी पंखाचा कोन प्रमाणाबाहेर गेला की पंख विमान पेलत नाही. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नाही. जमिनीजवळ घाबरलेला पायलट नाक वर ओढत राहतो आणि नेमका याच सापळ्यात सापडतो. ए३२० मध्ये पायलटने स्टिक पूर्ण मागे ओढून धरली तरी संगणक तो कोन ठरलेल्या कमाल मर्यादेवर रोखतो, स्टॉलच्या अलीकडे. त्याआधीच एका टप्प्यावर तो इंजिनांना आपणहून पूर्ण जोर लावतो.

दुसरं कुंपण विमानाच्या सांगाड्याचं. अंगावर येणारा भार गुरुत्वाच्या पटीत मोजतात. स्थिर उडताना तो एक पट असतो. एरवीच्या उड्डाणात ए३२० चा संगणक तो अडीच पटींपुढे जाऊ देत नाही. कितीही झटक्याने ओढा, पंखांवर त्यापेक्षा जास्त ताण येणार नाही. तिसरं कुंपण कलण्याचं. ३३ अंशांपलीकडे विमान ठेवायचं असेल तर स्टिक धरून ठेवावी लागते. सोडली की विमान आपणहून ३३ वर येतं, आणि पूर्ण झुकवून धरली तरी ६७ अंशांवर थांबतं. नाक किती वर-खाली जाईल आणि वेग किती वाढेल, यांनाही अशाच सीमा आहेत.

याचा उपयोग कधी होतो? समोर अचानक डोंगर आला असं समजा. केबलच्या विमानात पायलटला एकाच वेळी दोन भीती असतात: कमी ओढलं तर डोंगर, जास्त ओढलं तर स्टॉल. त्यामुळे तो चाचपडत ओढतो, आणि त्या चाचपडण्यात सेकंद जातात. ए३२० मध्ये स्टिक पूर्ण मागे ओढायची आणि धरून ठेवायची. विमान देऊ शकतं तेवढी जास्तीत जास्त चढाई लगेच मिळते. म्हणून कुंपण म्हणजे पायलटवर अविश्वास, असं मला वाटत नाही. काठाची काळजी त्याच्या डोक्यावरून उतरते, इतकंच.

## हडसन नदीवरची साडेतीन मिनिटं

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजचं १५४९ क्रमांकाचं ए३२० उडालं. दुपारी ३ वाजून २७ मिनिटांनी, सुमारे २८०० फुटांवर, ते हंसांच्या थव्यात शिरलं आणि दोन्ही इंजिनांचा जोर जवळजवळ संपला. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्याकडे नदीत उतरण्यापर्यंत साडेतीन मिनिटं होती.

सलेनबर्गर यांनी पहिल्या काही सेकंदांत एक गोष्ट केली, जी चेकलिस्टमध्ये बरीच पुढे होती. त्यांनी शेपटीतलं छोटं इंजिन, ज्याला एपीयू म्हणतात, सुरू केलं. एपीयू विमान पुढे ढकलत नाही, वीज देतं. वीज टिकल्यामुळे संगणक पूर्ण ताकदीने चालत राहिले आणि सगळी कुंपणं जागेवर राहिली. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने या निर्णयाला महत्त्व दिलंय.

कुंपणाचा उपयोग शेवटच्या क्षणांत झाला. इंजिनांशिवाय तरंगत येताना विमानाचा वेग हवा त्यापेक्षा कमी झाला होता. पाण्याच्या अगदी वर, शेवटच्या पन्नासेक फुटांत, सलेनबर्गर यांनी स्टिक पूर्ण मागे ओढली. दुसऱ्या विमानात त्या वेगाला असं करणं म्हणजे स्टॉलला आमंत्रण. इथे संगणकाने कोन मर्यादेत ठेवला आणि विमान नाक साडेनऊ अंश वर ठेवून, पंख जवळजवळ सपाट ठेवून पाण्यावर टेकलं. १५५ जण होते, सगळे वाचले.

याच अहवालात दुसरी बाजूही नोंदवलेली आहे. विमानाचे हेलकावे आवरणारा संगणकाचाच एक हिशेब त्या क्षणी नाक वर येण्याला थोडा विरोध करत होता. तो नसता तर विमान कदाचित किंचित हळू टेकलं असतं. कुंपणाने विमान पडू दिलं नाही; पण पाण्यावर अलगद कसं टेकायचं, यासाठी ते बांधलेलं नव्हतं. नदी निवडणं, वेळेत निवडणं आणि पंख सपाट ठेवणं हे दोन माणसांनी केलं.

## "पण संगणकच हँग झाला तर?"

हा प्रश्न सगळे विचारतात. ए३२० मध्ये यासाठी एक नाही, सात संगणक आहेत. एलेव्हेटर आणि एलेरॉन बघणारे दोन, स्पॉइलर आणि गरज पडली तर एलेव्हेटर बघणारे तीन, आणि रडरसाठी दोन. पहिल्या दोन गटांचे प्रोसेसर वेगळे आणि सॉफ्टवेअर वेगळ्या लोकांनी लिहिलेलं आहे. हेतू हा, की एकातली चूक दुसऱ्यातही असू नये. शिवाय प्रत्येक संगणकात दोन भाग असतात: एक हुकूम देतो, दुसरा तोच हिशेब स्वतंत्र करून पडताळतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तो संगणक स्वतःला बाजूला करतो आणि पुढचा काम घेतो. विजेसाठी दोन्ही इंजिनांचे जनरेटर, एपीयू, बॅटऱ्या, आणि सगळंच गेलं तर विमानाच्या पोटातून बाहेर पडून वाऱ्यावर फिरणारा एक छोटा पंखा आहे.

तरीही सगळे संगणक क्षणभर गेलेच, तर? या विमानात दोर पूर्णपणे काढलेले नाहीत. रडरचे पायडल आणि शेपटीचा आडवा पंख फिरवणारं हाताचं चाक, ही दोन यांत्रिक जोडणी मूळ ए३२० मध्ये मुद्दाम ठेवली आहेत. संगणक परत सुरू होईपर्यंत विमान सरळ ठेवायला ती पुरतात.

इतकं असून जेटब्लूची घटना घडलीच ना? घडली. किरणोत्सर्गाचा कण चिपमधल्या एखाद्या शून्याचा एक करू शकतो, हे अभियंत्यांना आधीपासून माहीत आहे आणि त्यावर उपायही केलेले असतात. त्या संगणकाच्या नव्या सॉफ्टवेअर आवृत्तीत हा बचाव पुरेसा नव्हता. म्हणून बहुतेक विमानांत आधीची आवृत्ती परत घालण्यात आली, आणि ते काम काही तासांचं होतं. दोराच्या विमानात असा दोष नसतो, आणि सहा हजार विमानांचा दोष एका शनिवार-रविवारी बहुतांशी दूरही होत नसतो. एकाच सॉफ्टवेअरची चूक एकाच वेळी सगळीकडे असते, हा या पद्धतीचा खरा धोका आहे.

"दोरच बरा, त्यात काय चुकायचंय?" असंही काही जण म्हणतात. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर १९० विमान मोठ्या देखभालीनंतर उडालं. या जातीत इतर फळ्या तारेवर चालतात, पण एलेरॉन केबलवर. देखभालीत त्या केबल उलट बसल्या होत्या. पायलट डावीकडे वळवायचा आणि एलेरॉन उजवीकडे ढकलायचे. सहा जणांनी दीड तासाहून जास्त वेळ ढगांत झगडून ते विमान कसंबसं उतरवलं. पण तारेने ही चूक टळते असं समजू नका. २० मार्च २००१ ला फ्रँकफर्टमध्ये लुफ्थान्साच्या एका ए३२० मध्ये, दुरुस्तीनंतर कनेक्टरमधल्या तारा अदलाबदल होऊन बसल्या होत्या आणि कॅप्टनची स्टिक उलटी झाली होती. जमीन सोडताच विमान एका बाजूला कललं. पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं. सहवैमानिकाची स्टिक स्वतंत्र तारांवर होती, ती ठीक होती. त्याने ताबा घेतला म्हणून विमान वाचलं. दोर असो वा तार, उड्डाणाआधी स्टिक हलवून योग्य फळी योग्य दिशेला जाते का हे पाहणं दोन्हीकडे तितकंच गरजेचं आहे.

## कुंपण नाहीसं होतं तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाची मर्यादा. कुंपण उभं असतं ते माहितीवर. वेग किती, वाऱ्याशी कोन किती, हे सेन्सरकडून कळलं नाही तर संगणक मर्यादा लावणार कशावरून? चुकीच्या माहितीवर अडवण्यापेक्षा तो मागे सरतो. एअरबसमध्ये याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नेहमीची ती नॉर्मल लॉ, तिच्यात सगळी कुंपणं असतात. काही बिघडलं की ऑल्टर्नेट लॉ, तिच्यात स्टॉलचं पक्कं कुंपण नसतं. आणखी बिघडलं की डायरेक्ट लॉ. तिथे स्टिक झुकली तेवढी फळी हलते, जवळजवळ केबलच्या विमानासारखी.

हे पायलटला कळतं कसं? पडद्यावर `ALTN LAW: PROT LOST` असा संदेश येतो आणि समोरच्या कृत्रिम क्षितिजावर ६७ अंशांजवळच्या हिरव्या दुहेरी रेघांच्या जागी पिवळट फुल्या दिसतात. स्टिक मात्र हाताला तशीच लागते. दोराने हाताला जे आपोआप सांगितलं असतं, ते इथे डोळ्यांनी वाचावं लागतं.

१ जून २००९ च्या रात्री एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं ए३३० विमान रिओहून पॅरिसला जात होतं. या विमानाची पद्धत ए३२० सारखीच. अटलांटिकवर ३५ हजार फुटांवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला. वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, ऑटोपायलट सुटला आणि संगणक ऑल्टर्नेट लॉमध्ये गेला. सहवैमानिकाने स्टिक मागे ओढली आणि ओढत राहिला. विमान सुमारे ३८ हजारांपर्यंत चढून स्टॉल झालं. स्टॉलचा इशारा ७५ वेळा वाजला. दोन्ही साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकाने ओढली तर दुसऱ्याची हलत नाही. त्यामुळे शेजारच्याला आपला जोडीदार काय करतोय हे हाताने कळण्याची सोय नव्हती. नळ्या गोठल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात गेलं. २२८ माणसं गेली.

नळ्यांतला बर्फ थोड्याच वेळात निघाला होता, इंजिनं चालू होती, फळ्या हुकमाप्रमाणे हलत होत्या. स्टिक पुढे करून नाक खाली घालायला आधी उंची भरपूर होती. हा अपघात वाचताना मला दर वेळी त्या स्टिकचा विचार येतो. केबलच्या विमानात दोन्ही दांडे एकत्र हलतात आणि पोटात घुसेपर्यंत मागे ओढलेला दांडा कोणाच्या नजरेतून सुटत नाही.

## "पायलटचं न ऐकणारं विमान कसलं?"

बोइंगने याच आक्षेपापोटी वेगळा रस्ता धरला. १९९५ पासून सेवेत असलेलं ७७७ आणि नंतरचं ७८७ हीसुद्धा फ्लाय-बाय-वायर आहेत. पण त्यांत मोठे दांडे आहेत, दोन्ही एकत्र हलणारे. सीमेजवळ गेलं की दांडा जड होतो, पण पायलटने जोर लावला तर सीमा ओलांडता येते. एअरबसचं कुंपण भिंतीसारखं आहे, तर बोइंगचं चढासारखं. दोन्ही बाजूंना अनुभवी लोक आहेत. मला स्वतःला स्टॉलसाठी भिंत आणि दांड्यांसाठी जोडणी असा मेळ हवासा वाटतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. २०१८ आणि २०१९ मध्ये पडलेली बोइंग ७३७ मॅक्स विमानं या चर्चेत नेहमी ओढली जातात. त्यांचे एलेव्हेटर आणि एलेरॉन केबलवरच चालतात. एमकॅस ही व्यवस्था त्या जुन्या रचनेवर वरून जोडलेली होती, ती शेपटीचा आडवा पंख फिरवायची, आणि कोन सांगणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबायची. तो सेन्सर चुकला तर त्याचा आकडा दुसऱ्या सेन्सरशी ताडून पाहायची सोय तिच्यात नव्हती. ए३२० मध्ये असे तीन सेन्सर आहेत.

## उतरताना

पुढच्या वेळी ए३२० मध्ये बसाल तेव्हा शेवटचा अर्धा मिनिट लक्ष द्या. केबलच्या विमानात धावपट्टीजवळ वेग कमी होताना नाक आपोआप खाली झुकू पाहतं, म्हणून पायलट दांडा हळूहळू मागे ओढत विमान टेकवतो. पिढ्यान्‌पिढ्या पायलटांच्या हाताला हेच वळण लागलेलं आहे. ए३२० चा संगणक नाक आपणहून स्थिर धरतो, त्यामुळे त्याला हे ओढणं लागलंच नसतं.

म्हणून अभियंत्यांनी ते मुद्दाम घातलं. पन्नास फुटांवर संगणक नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि तीस फुटांपासून आठ सेकंदांत तो दोन अंश खाली न्यायला लागतो. विमान पुढे झुकतंय असं पायलटला जाणवतं आणि त्याचा हात, दोराच्या विमानात ओढायचा तसाच, स्टिक मागे ओढतो.